कॅमेरा उगाच ओरडतोय? सेन्सिटिव्हिटीला हात सगळ्यात शेवटी लावा

घराबाहेर कॅमेरा लावलेल्या वाचकांचा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. ‘दिवसभर फोन वाजतो, उघडून पाहावं तर झाडाची फांदी. कंटाळून सेन्सिटिव्हिटी कमी केली, तर कुरिअरवाला फाटकापर्यंत येऊन परत गेला तरी कळलं नाही. आता काय करू?’ काहींनी तर नोटिफिकेशन बंदच करून टाकलेलं असतं. मग तो कॅमेरा चोरी झाल्यानंतर चित्रं पाहण्यापुरता उरतो.

अ‍ॅप उघडलं की पहिली दिसते ती सेन्सिटिव्हिटीची पट्टी, त्यामुळे आपण आधी तीच सरकवतो. ती पट्टी माणूस आणि पान यांत फरक करत नाही. ती खाली आणली की कॅमेरा दोघांकडेही तेवढंच दुर्लक्ष करतो. म्हणून क्रम उलटा ठेवा. उगाच कोण वाजवतंय ते आधी शोधा, मग कॅमेऱ्याची जागा बघा, मग झोन आखा, माणूस ओळखण्याची सोय चालू करा आणि उरलंसुरलं सेन्सिटिव्हिटीवर सोडा.

तुमच्या कॅमेऱ्याला हालचाल कळते कशी?

एवढं माहीत असल्याशिवाय पुढचे निर्णय घेता येत नाहीत. घरगुती कॅमेरे ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात.

प्लगवर चालणारा वायफाय कॅमेरा किंवा डीव्हीआरला जोडलेला कॅमेरा चित्र बघतो. आत्ताचं चित्र आणि क्षणापूर्वीचं चित्र यांत किती ठिपके बदलले, हे तो मोजत बसतो. त्यामुळे सावली सरकली, दिवा लागला, पाऊस आला, तरी त्याच्या लेखी ती हालचालच असते.

बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा पीआयआर सेन्सर असतो. तो उष्णतेतला फरक टिपतो आणि मग कॅमेऱ्याला जागं करतो. पानं हलली तर त्याला सहसा फरक पडत नाही, पण एसीच्या बाहेरच्या युनिटमधून येणारी गरम हवा किंवा उन्हात तापलेलं गाडीचं बॉनेट त्याला फसवतं. उलटही घडतं. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी भिंत, फरशी आणि माणसाचं अंग यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही, तेव्हा समोरून माणूस गेला तरी पीआयआर गप्प राहू शकतो. हा सेन्सर काचेपलीकडची उष्णताही धड ओळखत नाही. त्यामुळे असा कॅमेरा खिडकीच्या आतून बाहेर रोखून ठेवण्यात अर्थ नाही.

तुमचा कॅमेरा कोणत्या जातीचा आहे ते खोक्यावर लिहिलेलं असतं. पुढचं बरंचसं विवेचन पहिल्या प्रकाराबद्दल आहे, कारण तक्रारीही त्याच्याच जास्त असतात.

आधी क्लिप बघा, सेटिंग नको

दोन दिवस कोणतंही सेटिंग न बदलता अलर्ट येऊ द्या. मग निवांत बसून क्लिपा चाळा आणि प्रत्येकीपुढे वेळ व कारण लिहा. कागद-पेन पुरे. कारणं दिसतात तेवढी अनेक नसतात, तीच तीच परत येतात. ती अशी ओळखा :

- किडे : रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात पांढरे पट्टे किंवा धूसर गोळे सर्रकन जातात. वळवाच्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या निघाल्या की रात्रभर हाच खेळ चालतो.
- कोळ्याचं जाळं : चित्राच्या एका कोपऱ्यात एकच पांढरी रेघ वाऱ्यावर हलत राहते. दिवसा ती दिसतही नाही.
- हेडलाइट : गाडी दिसत नाही, पण भिंतीवर उजेडाचा पट्टा सरकत जातो.
- रात्र-दिवस बदल : रोज संध्याकाळी आणि पहाटे साधारण ठरावीक वेळी, एकेकच अलर्ट. क्लिपमध्ये रंगीत चित्र काळं-पांढरं होताना दिसतं. कॅमेऱ्यातली काच सरकताना बारीकसा ‘टक’ आवाजही येतो.
- ट्यूबलाइट : चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर सेटिंगमध्ये Anti-flicker शोधा आणि ते 50 Hz वर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. काही कॅमेरे ६० वर लावलेले येतात.
- सणाची सजावट : आकाशकंदील, तोरण, लुकलुकणाऱ्या माळा. दिवाळीत अचानक अलर्ट वाढले तर कॅमेरा बिघडलेला नसतो.

उदाहरणासाठी एक घर डोळ्यासमोर धरू. गावाच्या कडेचं रो-हाऊस. पोर्चच्या छताला कॅमेरा, समोर पंधरा फुटांवर फाटक, फाटकाबाहेर रस्ता. डाव्या हाताला जास्वंद, तिची एक फांदी कॅमेऱ्याच्या जवळ आलेली. उजवीकडे स्कूटर, जिच्याखाली गल्लीतलं कुत्रं झोपायला येतं. समजा दिवसाला साठ अलर्ट येतात आणि कागदावरचा हिशोब असा निघतो : वीस किड्यांचे, पंधरा रस्त्यावरच्या गाड्या-माणसांचे, बारा जास्वंदीचे, सहा कुत्र्याचे, दोन उजेड बदलल्याचे. खरोखर फाटकातून आत आलेल्या माणसांचे पाच. दूधवाला, पेपरवाला, कामाच्या मावशी, कुरिअर आणि घरचेच कुणीतरी.

या पंचावन्न अलर्टवर एकच औषध चालणार नाही. किडे झोनने जात नाहीत, कारण ते लेन्सच्या तोंडाशीच उडतात आणि चित्रात कुठेही दिसतात. रस्ता सेन्सिटिव्हिटीने जात नाही, कारण रस्त्यावरचा माणूस आणि फाटकातला माणूस दिसायला जवळजवळ सारखेच. म्हणून हा कागद महत्त्वाचा.

स्टूल आणि झाडू : अ‍ॅपच्या बाहेरची दुरुस्ती

निम्मं काम इथेच होतं आणि लोक नेमकं हेच टाळतात.

रात्री कॅमेरा स्वतःच्या लेन्सभोवतीच्या इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात बघतो. आपल्याला तो उजेड दिसत नाही, फार तर अंधारात मंद लाल ठिपके दिसतात. पण लेन्सपासून दोन-चार इंचांवरून गेलेलं चिलट त्या उजेडात झगझगीत पांढरं दिसतं आणि चित्राचा मोठा तुकडा व्यापतं. किडे येतात म्हणून कोळी येतो आणि लेन्ससमोरच जाळं विणतो. एकेक धागा रात्री दोरखंडासारखा चमकतो. आठवड्यातून एकदा मऊ ब्रश किंवा कोरडं फडकं फिरवा. पावसाळ्यात दोनदा.

किड्यांचा त्रास फार असेल, तर कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे सेटिंगमधून बंद करा आणि पोर्चमध्ये कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट दूर पिवळसर एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवा. किडे दिव्याकडे जातात, लेन्स मोकळी राहते. पांढऱ्या शुभ्र दिव्यापेक्षा पिवळसर दिव्याकडे किडे कमी येतात. कमी वॅटचा दिवा असला तर बिलाला फारसा धक्का बसत नाही, शिवाय अनेक कॅमेऱ्यांत चित्र रंगीत मिळतं, म्हणजे शर्टाचा रंगही कळतो.

मग कॅमेऱ्याचा कोन बघा. आठ ते दहा फूट उंची आणि मान जरा खाली, म्हणजे चित्राच्या वरच्या कडेला फाटकाचा माथा येईल आणि आभाळ येणार नाही. आभाळ दिसत असेल तर ढग सरकले की सगळ्या चित्राचा उजेड बदलतो. कॅमेरा छताच्या पत्र्याला किंवा भिंतीच्या कडेला अगदी चिकटून असेल, तर इन्फ्रारेड उजेड तिथून उलटा येतो आणि रात्री अर्धं चित्र पांढरं, उरलेलं काळंकुट्ट. अशा वेळी तो चार बोटं पुढे आणा.

बॅटरीच्या कॅमेऱ्याची जागा ठरवताना आणखी एक गोष्ट : पीआयआरला आडवा जाणारा माणूस चांगला कळतो, थेट अंगावर चालत येणारा उशिरा कळतो. त्यामुळे तो फाटकाच्या बरोबर समोर लावण्यापेक्षा बाजूच्या भिंतीवर लावा.

आपल्या उदाहरणातल्या घराने जास्वंदीची एक फांदी छाटली, जाळं काढलं, दिवा लावला. साठातले तीस-बत्तीस अलर्ट अ‍ॅप न उघडताच गेले.

झोन आखताना पायांकडे बघा

आता अ‍ॅप. Activity Zone किंवा Detection Zone अशा नावाखाली चित्रावर चौकोन अथवा हवी ती आकृती काढायची सोय असते. जुन्या डीव्हीआरमध्ये त्याऐवजी चित्रावर बारीक चौकटींची जाळी येते आणि हव्या त्या चौकटी रंगवायच्या असतात. काही अ‍ॅप उलटी पद्धत वापरतात, म्हणजे निवडलेला भाग ते वगळतात. तेव्हा आखण्याआधी सूचना वाचा, नाहीतर नेमका दरवाजाच वगळला जायचा.

बहुतेक जण फाटकाभोवती ऐसपैस चौकोन काढतात. चूक इथेच होते. कॅमेऱ्याला खोली कळत नाही, त्याच्यासाठी सगळं एका सपाट कागदावर असतं. फाटकाच्या वरच्या भागातून पलीकडचा रस्ता दिसत असेल, तर फाटकाला दिलेला झोन हा रस्त्यालाही दिलेला झोन असतो. म्हणून झोन जमिनीवर आखा. फाटकातून आत आलेल्या माणसाची पावलं जिथे पडतील तो फरशीचा पट्टा घ्या. वरची कड फाटकाच्या खालच्या दांडीच्या किंचित अलीकडे ठेवा. वाऱ्याने फाटक हललं तरी मग वाजत नाही. आत आलेला माणूस या पट्ट्यावर पाय ठेवल्याशिवाय दारापर्यंत पोहोचूच शकत नाही.

कुणी कंपाउंडवरून उडी मारून येईल अशी शंका असेल, तर त्या भिंतीच्या आतल्या पायथ्याशी दुसरा छोटा झोन द्या. एकाच मोठ्या झोनपेक्षा असे दोन-तीन बारके झोन चांगले काम करतात.

झोनबद्दल तीन गैरसमज वारंवार दिसतात, ते इथेच दूर करू.

- झोनबाहेरचं रेकॉर्ड होतंच, असं नाही. मेमरी कार्डवर ‘हालचाल झाली तरच रेकॉर्ड’ असं सेटिंग असेल, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत झोनबाहेरचं काहीच साठत नाही. उद्या फाटकाबाहेर लावलेली गाडी कुणी ठोकली तर हात चोळत बसाल. रेकॉर्डिंग अखंड ठेवा आणि अलर्ट फक्त झोनपुरता. १ एमबीपीएस वेगाने रेकॉर्ड होणारा कॅमेरा दिवसाला सुमारे ११ जीबी जागा घेतो, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात दहा-अकरा दिवस बसतात. कार्ड मात्र सतत लिहिण्यासाठी बनवलेलं, ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचं घ्या.
- फिरत्या कॅमेऱ्यात झोन जागच्या जागी राहीलच, असं नाही. झोन चित्राच्या चौकटीवर काढलेला असतो. माणसामागे मान वळवणारा कॅमेरा वळला की तोच झोन आता शेजाऱ्याच्या गच्चीवर असू शकतो. ऑटो ट्रॅकिंग आणि झोन, दोन्हींतलं एक निवडा. माझं मत झोनच्या बाजूने.
- झोनमुळे शेजाऱ्याचं घर चित्रातून जात नाही. अलर्ट येत नाही, चित्र मात्र साठतं. त्यासाठी Privacy Mask ही वेगळी सोय आहे. तिच्याबद्दल पुढे.

माणूस ओळखा, पण विश्वास किती ठेवायचा?

गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक वायफाय कॅमेऱ्यांत Person Detection असतं. काहींत गाडी आणि प्राणी यांची वेगळी निवड असते. झोन नीट आखल्यावर ही सोय चालू करा आणि साध्या Motion Detection चा अलर्ट बंद ठेवा. आपल्या घरातलं स्कूटरखालचं कुत्रं इथे गळून पडतं. काही कंपन्या या सोयीसाठी दरमहा पैसे घेतात. खरेदीपूर्वी दुकानदाराला तेवढं विचारा.

ही ओळख आकारावरून होते, त्यामुळे तिच्या मर्यादाही आकाराच्याच. छत्री किंवा रेनकोटमधला, ओणवा चालणारा, स्कूटरमागे अर्धा झाकलेला माणूस निसटू शकतो. याउलट दोरीवर वाळत घातलेला सदरा किंवा समोरच्या फ्लेक्सवरचा नेत्याचा हसरा चेहरा माणूस ठरू शकतो. लांबचा माणूसही निसटतो. घरच्या कुणाला फाटकाशी उभं करा आणि फोनवर थेट चित्र पाहा. माणूस तुमच्या करंगळीच्या नखाएवढाच दिसत असेल, तर तिथपर्यंत ओळखीची खात्री धरू नका.

म्हणून रात्री अकरा ते पहाटे पाच एवढ्या वेळात, जेव्हा अंगणात कुणीच यायचं नसतं, तेव्हा झोनमधली कोणतीही हालचाल कळवणारं सेटिंग ठेवा आणि दिवसा फक्त माणसांचं. वेळापत्रकाची सोय असेल तर हे जमतं. रात्री एखाद्या मांजरीमुळे उठावं लागलं तर चालेल.

आता सेन्सिटिव्हिटी

इथपर्यंत आल्यावर करायला फार थोडं उरतं. पट्टी मध्यावर आणा आणि चालून बघा. घरातल्या एकाने फोन घेऊन आत बसावं, दुसऱ्याने फाटकातून दारापर्यंत यावं. दोनदा दिवसा, दोनदा अंधार पडल्यावर. एकदा नेहमीच्या चालीने, एकदा भिंतीच्या कडेकडेने हळूहळू. दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. बऱ्याच कॅमेऱ्यांत एका अलर्टनंतर थोडा वेळ दुसरा येत नाही, आणि तुम्हाला उगाच वाटतं की कॅमेरा चुकला.

सगळ्या फेऱ्या कळल्या तर पट्टी एक पायरी खाली घ्या, परत चाला. ज्या पायरीवर एखादी फेरी निसटली, तिच्या एक पायरी वर थांबा. तुमच्या घरासाठी तोच आकडा. शेजाऱ्याच्या घरचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

डीव्हीआर वापरत असाल, तर काही यंत्रांत दोन आकडे दिसतात, Sensitivity आणि Threshold. त्यांची गल्लत होते. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठिपका किती बदलला की त्याला बदल म्हणायचं. थ्रेशोल्ड म्हणजे असा बदललेला भाग केवढा मोठा झाला की अलर्ट द्यायचा. पान, उंदीर, पावसाचे थेंब यांचा त्रास असेल तर थ्रेशोल्ड वाढवा, कारण ते लहान असतात. अंधारात काळ्या कपड्यांतला माणूस निसटत असेल तर सेन्सिटिव्हिटी वाढवा, कारण तिथे बदल फिका असतो.

बॅटरीच्या कॅमेऱ्यात हीच पट्टी बहुधा अंतराचं काम करते. ती वाढवली की लांबची उष्णता टिपली जाते आणि बॅटरीही लवकर उतरते.

पावसाळ्याच्या तोंडावर आणि पाऊस संपल्यावर हा चालण्याचा प्रयोग पुन्हा करा. जून ते सप्टेंबरमध्ये जास्वंद दुप्पट होते, फरशी ओली होऊन चमकते, आणि मार्चमध्ये बसवलेली घडी विस्कटते.

कॅमेरा अचानक शांत झाला तर

उगाचचे अलर्ट थांबले म्हणून खूश होण्याआधी खात्री करा, की खरे अलर्टही थांबलेले नाहीत. कॅमेरा शाबूत आणि फोन मुका, असं बऱ्याचदा असतं. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप झोपवतात. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या, आणि ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर तेही चालू करा. अ‍ॅपमध्ये ‘कॅमेरा ऑफलाइन’ झाल्याची सूचना मिळत असेल तर ती कधीही बंद करू नका. आणि वीज गेली की राउटर आणि प्लगवरचा कॅमेरा दोन्ही बंद पडतात. छोटा यूपीएस मिळतो, त्यावर दोन्ही चालवले तर भारनियमनाच्या वेळीही अलर्ट येत राहतील.

शेजारी, सोसायटी आणि तुमचे हक्क

आपल्या दारात कॅमेरा लावायला सामान्यतः कुणाची परवानगी लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. पण त्याचा अर्थ कुठेही कॅमेरा रोखावा असा होत नाही. कुणाच्या खासगी अवयवांचं चित्र त्याच्या संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एकत्र मालकीच्या घराबाबत कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये असा निकाल दिला, की सहरहिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. वाटण्या न झालेल्या वाड्यात भावाभावांनी एकमेकांवर कॅमेरे रोखलेले असतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

व्यवहारात पुढील गोष्टी सांभाळा :

- शेजाऱ्याची खिडकी, दार किंवा न्हाणीघराची बाजू चित्रात येत असेल तर Privacy Mask लावून तो भाग काळा करा आणि शेजाऱ्याला फोनवर दाखवा. तक्रार बहुधा तिथेच मिटते.
- फ्लॅटबाहेरचा पॅसेज सामाईक असतो. तिथे कॅमेरा लावण्याआधी सोसायटीच्या कमिटीला पत्र द्या आणि परवानगी लेखी घ्या. समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्यावर आतली खोली दिसत नाही ना, हे दार उघडायला लावून तपासा.
- आवाजाचं रेकॉर्डिंग शक्यतो बंद ठेवा. अलर्टला त्याचा उपयोग नसतो आणि पॅसेजमधल्या लोकांच्या खासगी गप्पा साठतात.
- घरकामाला येणाऱ्यांना कॅमेरा कुठे आहे ते पहिल्याच दिवशी सांगा.
- तुमच्यावरच कुणी कॅमेरा रोखला असेल, तर आधी लेखी विनंती करा, मग सोसायटीकडे जा. खासगी जागेचं चित्रण होत असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. तक्रारीसोबत तुमच्या खिडकीतून तो कॅमेरा कसा दिसतो, त्याचा तारखेसह फोटो जोडा.